लाटेच्या चित्रातला ठिपका: आत्ता वर निघालाय की खाली?

कागदावर एक नागमोडी रेघ काढली आहे. तिच्या वर उजवीकडे जाणारा बाण आहे, म्हणजे लाट उजवीकडे चालली आहे. रेघेवर एका माथ्याच्या डाव्या बाजूला, साधारण निम्म्या उंचीवर एक ठिपका आहे. त्याला ‘क’ म्हणू. प्रश्न एका ओळीचा आहे: या क्षणी क वर निघालाय की खाली?

हा प्रश्न मी शिकवताना कितीतरी वेळा विचारला आहे आणि पहिलं उत्तर जवळजवळ दर वेळी ‘वर’ असंच येतं. बरोबर उत्तर आहे ‘खाली’. गंमत म्हणजे चुकणारे अंदाजाने चुकत नाहीत. त्यांच्याकडे कारण असतं आणि ते चांगलं ठाम असतं: ‘रेघ इथे वर चढतेय, लाट उजवीकडे चाललीय, म्हणजे क चढावरून वर जाणार.’

या कारणातच सगळी गफलत आहे. रेघेकडे आपण रस्ता म्हणून बघतो. डोळा डावीकडून निघतो, चढ लागला की चढतो, उतार लागला की उतरतो, आणि ठिपका म्हणजे त्या रस्त्यावरून चाललेली गाडी असं मन परस्पर ठरवून टाकतं. पण ठिपका रस्त्यावरून चाललेला नाही. मुळात तो रस्ताच नाही. ती रेघ म्हणजे ताणलेला दोर आहे आणि क हा त्या दोराचाच एक कण. दोराच्या त्या जागी लाल धागा बांधलाय असं समजा. लाट उजवीकडे निघून जाते, लाल धागा मात्र आपली जागा सोडत नाही. तो तिथल्या तिथे, सरळ उभ्या रेषेत, वर-खाली करत राहतो. उजवीकडे सरकतो तो आकार, दोर नव्हे.

हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, ‘लाट पुढे जाते, कण जागीच राहतात’. तरीही चित्र समोर आलं की डोळा पुन्हा गाडी चालवायला लागतो. म्हणून आधी हाताने करून बघायची एक गोष्ट सांगतो.

एक जाड कागद घ्या. त्याच्या मधोमध दोन-तीन मिलिमीटर रुंद आणि बोटभर लांब अशी उभी फट कापा. दुसऱ्या कागदावर शाईने मोठी, ठळक लाट काढा. आता फटीचा कागद त्या लाटेवर असा ठेवा, की फटीतून माथ्याच्या डावीकडच्या चढाचा एक तुकडा दिसेल. बाकीची लाट झाकली गेली. फटीत फक्त एक काळा ठिपका उरतो. वरचा कागद एका हाताने घट्ट धरा आणि खालचा, लाट काढलेला कागद हळूहळू उजवीकडे ओढा.

फटीतला ठिपका खाली घसरायला लागतो.

खालचा कागद उजवीकडे सरकणं म्हणजे लाटेचं उजवीकडे जाणं, आणि फट म्हणजे दोरावरची एक ठरलेली जागा. कागद ओढत राहिलात तर ठिपका तळाला जाऊन थांबल्यासारखा होतो, मग वर चढू लागतो, माथ्याला पोहोचतो, पुन्हा उतरतो. ठिपका आडवा कुठेच जात नाही, कारण जायला फटीत जागाच नाही. आता कागद डावीकडे ओढा. तोच ठिपका, त्याच जागेवरून, आता वर निघतो. चित्र तेच, ठिपका तोच, ओढ फक्त उलटी. तेव्हा चित्रावर बाणच दिलेला नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही, ही गोष्ट इथेच पदरात पाडून घ्या.

फटीत ठिपका खाली का गेला? कागद उजवीकडे ओढला तेव्हा फटीखाली कोण आलं, ते बघा. क च्या किंचित डावीकडे असलेला लाटेचा भाग आला. माथ्याच्या डाव्या चढावर क च्या डावीकडचा भाग क पेक्षा खाली आहे. त्यामुळे पुढच्या क्षणी क ची उंची कमी होणार.

यातूनच एक साधा नियम मिळतो. लाट ज्या बाजूने येते आहे, त्या बाजूच्या लगतच्या शेजाऱ्याकडे बघायचं. शेजारी आत्ता ज्या उंचीवर आहे, त्या उंचीवर आपला ठिपका पुढच्या क्षणी असणार. शेजारी खाली असेल तर ठिपका खाली निघालाय, वर असेल तर वर. चढ, उतार, माथा, खोलगा यांतलं काही आठवायची गरज नाही. लाट कुठून येते आहे आणि त्या बाजूचा शेजारी वर आहे की खाली, एवढं बघितलं की झालं.

मैदानात प्रेक्षक ओळीने उठून-बसून लाट करतात, त्याचा फोटो डोळ्यांसमोर आणा. मधे एकजण पूर्ण उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस अर्धवट उठलेला आहे. दोघांचे गुडघे सारखेच वाकलेले. फोटोत दोघांत काडीचा फरक नाही. पण लाट उजवीकडे चालली असेल तर उजवीकडचा उठतो आहे आणि डावीकडचा बसतो आहे. उजवीकडच्याची उभं राहायची पाळी अजून यायची आहे, डावीकडच्याची होऊन गेली. शरीराच्या ठेवणीवरून हे कळत नाही, शेजाऱ्यावरून कळतं.

आता आकडे घालून एक उदाहरण नीट सोडवू. लांबच लांब ताणलेला दोर आहे. त्यावरून उजवीकडे जाणारी, नियमित गोलसर आकाराची लाट चालली आहे. तिचा आयाम २ सेंटिमीटर, म्हणजे दोर मधल्या रेषेपासून जास्तीत जास्त २ सेंटिमीटर वर किंवा खाली जातो. तरंगलांबी ४० सेंटिमीटर, लाटेचा वेग सेकंदाला ८० सेंटिमीटर. म्हणजे एक पूर्ण लाट एका जागेवरून जायला अर्धा सेकंद लागतो. चित्र ज्या क्षणाचं आहे त्या क्षणी डावीकडच्या टोकाला, ० सेंटिमीटरवर, दोर मधल्या रेषेवर आहे आणि तिथून उजवीकडे चढत जातो. १० सेंटिमीटरवर माथा, २० वर पुन्हा मधली रेषा, ३० वर खोलगा, ४० वर परत मधली रेषा.

क आहे ५ सेंटिमीटरवर. तिथे दोराची उंची १.४१ सेंटिमीटर भरते. लाट सेकंदाला ८० सेंटिमीटर जाते, तर एका सेकंदाच्या ऐंशीव्या भागात ती बरोबर १ सेंटिमीटर सरकेल. तेवढ्या वेळानंतर क च्या जागी ती उंची असेल, जी आत्ता ४ सेंटिमीटरवर आहे. ती आहे १.१८. क खाली आला, सुमारे ०.२४ सेंटिमीटर. उत्तर मिळालं: खाली.

आता १५ सेंटिमीटरवरचा कण घ्या, त्याला ‘ख’ म्हणू. तो माथ्याच्या उजवीकडे, उतारावर आहे आणि त्याची उंचीही नेमकी १.४१ आहे. त्याच्या डावीकडचा, १४ सेंटिमीटरवरचा शेजारी त्याच्यापेक्षा वर आहे, १.६२ वर. म्हणून ख वर निघालाय. एकाच उंचीवरचे दोन कण, पण एक उतरतो आहे आणि एक चढतो आहे. ‘मधल्या रेषेच्या वर आहे, म्हणजे वर चाललाय’ असा हिशेब कोणी करत असेल, तर ही जोडी त्याला दाखवावी.

खालच्या अर्ध्या भागात अशीच जोडी २५ आणि ३५ सेंटिमीटरवर आहे. दोन्ही कण मधल्या रेषेच्या १.४१ सेंटिमीटर खाली आहेत. २५ वाल्याचा डावा शेजारी त्याच्यापेक्षा वर आहे, म्हणून तो मधल्या रेषेकडे परत निघालाय. ३५ वाल्याचा डावा शेजारी मात्र अजून खाली, १.६२ च्या खोलीवर आहे. म्हणून हा आधीच खाली असलेला कण आणखी खाली चालला आहे. हे पुष्कळांना खटकतं. दोर त्याला मधल्या रेषेकडे ओढतोय ना, मग तो लांब कसा जातो? ओढ मधल्या रेषेकडेच आहे, त्यात शंका नाही. पण ओढीने वेग बदलतो, तो त्याच क्षणी उलटत नाही. वर फेकलेला चेंडू खाली ओढला जात असतानाही काही वेळ वर जातच राहतो, तसंच हे. ओढीची दिशा आणि हालचालीची दिशा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण आत्ता फक्त दुसरा सोडवतो आहोत.

माथ्यावरच्या, १० सेंटिमीटरवरच्या कणाकडे थोडं थांबून बघायला हवं. इथे शेजाऱ्याचा नियम नीट वापरला नाही तर फसवतो. त्याची उंची २ सेंटिमीटर. डावा शेजारी ९ सेंटिमीटरवर, उंची १.९७५. शेजारी खाली आहे, म्हणजे कण खाली निघालाय, असं म्हणावंसं वाटेल. पण मग एका ऐंशीव्या सेकंदापूर्वी तो कुठे होता, तेही बघा. तेव्हा लाट १ सेंटिमीटर मागे होती, म्हणजे त्याच्या जागी ती उंची होती जी आत्ता ११ सेंटिमीटरवर दिसते. तीही १.९७५ च. मघाशी तो तेवढाच खाली होता, थोड्या वेळाने तेवढाच खाली असेल, आत्ता मात्र टोकावर आहे. टोकावरून वळणारा कण त्या क्षणापुरता थांबलेला असतो. शेजारी जसजसा जवळचा घ्याल तसतसं हे जास्त स्पष्ट होतं. १ सेंटिमीटरऐवजी १ मिलिमीटरवरचा शेजारी घेतला, तर अंतर दहा पटींनी कमी झालं, पण उंचीतला फरक शंभर पटींनी कमी होतो. क च्या बाबतीत असं होत नाही, तिथे दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात घटतात. म्हणून नियमातला ‘लगतचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माथा आणि खोलगा इथे उत्तर ‘वर’ही नाही आणि ‘खाली’ही नाही, त्या क्षणी वेग शून्य.

आणि सर्वात जोरात कोण आहे? ज्याचा शेजारी सर्वात जास्त वर किंवा खाली आहे तो, म्हणजे जिथे दोर सर्वात तिरका आहे तो कण. आपल्या लाटेत असे कण मधल्या रेषेवर आहेत: ०, २० आणि ४० सेंटिमीटरवर. २० सेंटिमीटरवरचा कण मधल्या रेषेवर आहे म्हणून तो ‘शांत’ आहे असं समजणारे भेटतात. तो तर त्या क्षणी सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर वेगाने वर धावतो आहे. उंची शून्य असली म्हणून वेग शून्य होत नाही. उलट, या आकाराच्या लाटेत ज्याची उंची शून्य, त्याचा वेग सर्वाधिक.

इथून सूत्र एका पावलावर आहे. शेजारी किती वर किंवा खाली आहे हे दोराच्या तिरकेपणावरून ठरतं आणि तो किती लवकर आपल्या जागी येतो हे लाटेच्या वेगावरून. दोन्हींचा गुणाकार म्हणजे कणाचा वेग. उजवीकडे जाणाऱ्या लाटेसाठी:

कणाचा वेग = − (लाटेचा वेग × त्या जागी वक्राचा चढ)

चढ म्हणजे उजवीकडे १ सेंटिमीटर गेल्यावर दोर किती वर जातो तो आकडा, उतार असेल तर ऋण. क च्या जागी चढ ०.२२२ आहे. ८० ने गुणा आणि ऋण चिन्ह लावा: सेकंदाला सुमारे १७.८ सेंटिमीटर, खाली. मघाशी एका ऐंशीव्या सेकंदात ०.२४ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १९ सेंटिमीटर असा हिशेब आला होता. तो थोडा जास्त आला, कारण क मधल्या रेषेकडे जाताना वेग घेतो आहे आणि आपण त्या पूर्ण अवधीची सरासरी काढली होती. लाट डावीकडे जात असेल तर सूत्रातलं ऋण चिन्ह निघून जातं. मी स्वतः हे चिन्ह पाठ केलेलं नाही. पाठ केलेलं चिन्ह घाईत उलटं बसतं, शेजारी मात्र चित्रात समोर दिसतो. दिशा शेजाऱ्यावरून ठरवावी आणि सूत्र फक्त आकड्यासाठी वापरावं.

सूत्राचा खरा उपयोग आकार वेडावाकडा असला की कळतो. समजा दोरावरून एकच उठाव उजवीकडे चालला आहे आणि त्याचा आकार त्रिकोणी आहे, पण एका अंगाला कललेला. उंची ३ सेंटिमीटर. पुढची म्हणजे उजवी बाजू चांगलीच उभी, फक्त १० सेंटिमीटर लांब. मागची, डावी बाजू पसरट, ३० सेंटिमीटर लांब. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर. पुढच्या बाजूवरचा प्रत्येक कण वर निघालाय, कारण त्याचा डावा शेजारी वर आहे. तिथे चढ उणे ०.३, म्हणून वेग सेकंदाला ६० सेंटिमीटर, वर. मागच्या बाजूवरचा प्रत्येक कण खाली चाललाय, चढ ०.१, वेग सेकंदाला २० सेंटिमीटर. म्हणजे लाल धागा ०.०५ सेकंदात झटकन ३ सेंटिमीटर वर फेकला जातो आणि मग ०.१५ सेकंद घेऊन सावकाश खाली येतो. टोकावर मात्र चढ एकदम बदलतो आणि सूत्राला तिथे उत्तर देता येत नाही. खऱ्या दोराला इतकं अणकुचीदार टोक नसतंच. ते थोडं गोल असतं आणि त्या गोलाईत कण वळतो.

हाच उठाव पुढच्या एका गोंधळाचं मूळ दाखवतो. लाल धाग्याची उंची वेळेनुसार कशी बदलली, याचा आलेख काढा. आडव्या अक्षावर आता अंतर नाही, वेळ आहे. धागा आधी झटकन चढला, मग सावकाश उतरला. म्हणजे आलेखात उभी बाजू डावीकडे येईल आणि पसरट बाजू उजवीकडे. दोराच्या चित्रात उभी बाजू उजवीकडे होती! एकाच उठावाची ही दोन चित्रं एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटतात. लाट उजवीकडे जाते तेव्हा तिची उजवी बाजू आधी पोहोचते, आणि आधीचं ते वेळेच्या अक्षावर डावीकडे.

वेळेच्या आलेखात ‘वर की खाली’ हा प्रश्न अगदी सरळ आहे. रेघ चढते आहे तर कण वर चाललाय, उतरते आहे तर खाली. तिथे रेघेवरून गाडी चालवणारा डोळा बरोबर असतो. नेमकी तीच सवय घेऊन माणूस दोराच्या चित्राकडे येतो आणि उजवीकडे जाणाऱ्या लाटेसाठी प्रत्येक उत्तर उलटं देतो. मला वाटतं, या विषयातल्या निम्म्याहून जास्त चुका भौतिकशास्त्राच्या नसतात, आडव्या अक्षावरचं नाव न वाचण्याच्या असतात. अक्षावर सेंटिमीटर आहेत की सेकंद, हे बघायला एक क्षण लागतो. दोन्ही चित्रं नागमोडीच दिसतात, त्यामुळे तो क्षण कोणी देत नाही.

प्रश्न उलटा करूनही विचारला जातो: चित्रातला अमुक कण आत्ता वर चालला आहे, तर लाट कुठे जाते आहे? कणाच्या दोन्ही बाजूंचे शेजारी बघा. एक वर असेल, एक खाली. कण वर चाललाय, म्हणजे तो वरच्या शेजाऱ्याची नक्कल करणार आहे, म्हणजे लाट त्या वरच्या शेजाऱ्याच्या बाजूने येते आहे आणि त्याच्या विरुद्ध बाजूला जाते आहे. माथ्यावरच्या किंवा खोलग्यातल्या कणावरून मात्र हे ठरवता येणार नाही. त्याचे दोन्ही शेजारी एकाच बाजूला असतात आणि तो स्वतः थांबलेला असतो.

लाट पाण्यावरची असेल तर थोडी सावधगिरी हवी. खोल पाण्यावरच्या लहान लाटेत पृष्ठभागावरचं पाणी नुसतं वर-खाली होत नाही, ते गोल फिरतं. माथ्यावर ते लाटेच्या दिशेने पुढे जातं, खोलग्यात मागे येतं. त्यामुळे ‘माथ्यावरचा कण थांबलेला’ हे तिथे फक्त उभ्या हालचालीपुरतं खरं आहे. वर की खाली या प्रश्नाचं उत्तर मात्र तेच राहतं: येणाऱ्या लाटेच्या पुढच्या अंगावर तरंगणारं बूच वर उचललं जातं, मागच्या अंगावर खाली उतरतं. किनाऱ्याजवळ लाट फुटायला लागली, की आकारच क्षणाक्षणाला बदलतो आणि ‘शेजाऱ्याची उंची माझी होणार’ या म्हणण्याचा आधारच जातो. शेवटी सगळा नियम आकार जसाच्या तसा सरकतो या एकाच गोष्टीवर उभा आहे.

आकार सरकतो आहे की नाही हे एका फोटोवरून कळत नाही, हीच खरी अडचण. मग दोन फोटो घेऊ, असं कोणी म्हणेल. चांगला विचार आहे, पण ते किती अंतराने घेता यावर सगळं आहे. आपल्या मघाच्या दोराचे दोन फोटो ०.४ सेकंदाच्या अंतराने घेतले असं धरा. तेवढ्या वेळात लाट ३२ सेंटिमीटर उजवीकडे गेली. पण दर ४० सेंटिमीटरला आकार तसाच पुन्हा येतो, म्हणून दुसऱ्या फोटोत ती ८ सेंटिमीटर डावीकडे सरकल्यासारखी दिसेल. यावरून दिशा ठरवली तर प्रत्येक कणाचं उत्तर उलटं येईल. दोन फोटोंमध्ये लाट अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमीच सरकली पाहिजे, म्हणजे इथे पाव सेकंदापेक्षा कमी अंतर हवं, आणि जितकं कमी तितकं बरं.

दोन्ही टोकं बांधलेली तार छेडली की वेगळंच घडतं. तिच्यावर लाट उजवीकडेही जात नाही आणि डावीकडेही नाही. मधला फुगीर भाग जागच्या जागी वर-खाली होतो. तिचा एका क्षणाचा फोटो धावत्या लाटेच्या तुकड्यासारखाच दिसतो, आणि कोणी सवयीने शेजाऱ्याचा नियम लावला तर उत्तर येईल: फुगीर भागाचा अर्धा वर, अर्धा खाली. प्रत्यक्षात तो संपूर्ण फुगीर भाग एकाच दिशेला चाललेला असतो. एकतर सगळा बाहेर, नाहीतर सगळा आत, नाहीतर टोकाला पोहोचून सगळाच थांबलेला. यांतलं कोणतं, ते त्या एका फोटोत कुठेही लिहिलेलं नाही.

याहून विचित्र फोटोही असतो. दोरावर डावीकडून एक उठाव उजवीकडे येतो आहे. उजवीकडून त्याच मापाचा, पण उलटा, खाली लोंबणारा उठाव डावीकडे येतो आहे. दोन्ही आकार दोन्ही बाजूंनी सारखे उतरणारे, जुळे. मधे ते एकमेकांवर बरोबर आले, की वरची उंची आणि खालची खोली यांची वजाबाकी होऊन दोर क्षणभर पूर्ण सरळ होतो. त्या क्षणीच फोटो काढला तर त्यात लाटेचा मागमूसही नाही. चढ सगळीकडे शून्य, म्हणून सूत्र म्हणणार, सगळे कण थांबलेले आहेत.

पण दोन्ही उठावांना वेगवेगळा नियम लावून बघा. उजवीकडे जाणाऱ्या उठावाचा उजवा अर्धा भाग त्याचं पुढचं अंग आहे, तिथे कण वर निघालेत. डाव्या अर्ध्यात ते खाली चाललेत. डावीकडे जाणाऱ्या उलट्या उठावाचं पुढचं अंग डावीकडे आहे, आणि तो उलटा असल्यामुळे तिथे कण खाली चाललेत. त्याच्या उजव्या, मागच्या अर्ध्यात ते मधल्या रेषेकडे परत येताहेत, म्हणजे वर. उंचींची वजाबाकी झाली, वेगांची मात्र बेरीज झाली. सरळ दिसणाऱ्या त्या दोराचा उजवा भाग एकट्या उठावाच्या दुप्पट वेगाने वर निघालाय आणि डावा भाग तितक्याच वेगाने खाली. पुढच्याच क्षणी उजवीकडे उठाव दिसायला लागतो आणि डावीकडे खोलगा, आणि दोघं आपापल्या वाटेने चालू लागतात.